चोवीस दिवस उघड्यावर

पुंडलिकनगरच्या मुख्य रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर उभं राहायलाही जागा मिळत नाही. भाजीच्या गाड्या, शिकवण्यांतून सुटलेली पोरं, गजानन महाराज मंदिराकडे वळणाऱ्या रिक्षा. या गर्दीत एका मेडिकलच्या वर, पहिल्या मजल्यावर, विमा ब्रोकर असलेल्या एका बाईंची दोन खोल्यांची कचेरी आहे. शेंद्रा, चिकलठाणा, वाळूजच्या कारखानदारांच्या आणि ठेकेदारांच्या पॉलिसी त्या बघतात. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. नाव छापू नये, ठेकेदाराचं आणि विमा कंपनीचंही छापू नये, एवढीच त्यांची अट होती. फाईल मात्र त्यांनी माझ्यापुढे मोकळेपणाने ठेवली.

फाईल आहे एका रद्द झालेल्या पॉलिसीची. शेंद्र्यात एका खासगी कंपनीच्या कारखान्याचं बांधकाम सुरू होतं. कामाची किंमत वीस कोटी, मुदत अठरा महिने. पुंडलिकनगरातच राहणाऱ्या ठेकेदाराने त्यासाठी कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी घेतली होती. बांधकाम चालू असताना आग, वादळ, पूर, कोसळणं, अपघात यांनी चालू कामाचं नुकसान झालं तर भरपाई देणारी ही पॉलिसी. सरकारी काम असतं तर राज्य शासनाच्या विमा संचालनालयाकडेच जावं लागलं असतं. हे खासगी काम, म्हणून बाजारातली पॉलिसी.

प्रीमियम ठरला सहा लाख, वर अठरा टक्के जीएसटी. अठरा महिन्यांचे पैसे एकदम भरणं ठेकेदाराला जड जात होतं, म्हणून पाच हप्ते पाडले. पहिला १,४४,००० चा, बाकीचे चार प्रत्येकी १,१४,००० चे, दर तीन महिन्यांनी. पॉलिसी सुरू झाली १ जुलै २०२४ ला आणि संपणार होती ३१ डिसेंबर २०२५ ला. शेवटचा हप्ता मात्र १ जुलै २०२५ लाच देय होता, म्हणजे मुदत संपायच्या सहा महिने आधी. असं का, हे पुढे येईलच.

हप्त्यांबरोबर पॉलिसीला एक कागद जोडलेला होता, प्रीमियम पेमेंट वॉरंटी. त्यात लिहिलं होतं की ठरल्या तारखेपर्यंत हप्ता पोचला नाही तर त्या तारखेपासून विमा संपला. जुलैचा आणि ऑक्टोबरचा हप्ता वेळेवर गेला. १ जानेवारीचा गेला नाही. मालक कंपनीने डिसेंबरचं रनिंग बिल अडकवून ठेवलं होतं, आणि ठेकेदाराच्या खात्यात होतं ते मजुरांच्या पगारात गेलं. १३ जानेवारीला विमा कंपनीने रद्दीचं पत्र काढलं. ते गेलं ठेकेदाराच्या एका जुन्या ई-मेलवर, जो कोणी उघडतच नव्हतं. मॅडमना प्रत मिळाली १६ तारखेला, गुरुवारी.

इथे ‘वॉरंटी’ या शब्दापाशी थांबायला हवं. आपण तो फ्रिजच्या किंवा मोबाईलच्या संदर्भात वापरतो, तिथे तो दुकानदाराचा शब्द असतो. विम्यात तो गिऱ्हाईकाचा शब्द आहे, आणि फार कडक शब्द आहे. त्याचं मूळ जहाजांच्या विम्यात आहे. इंग्लंडमध्ये १७८६ साली लॉर्ड मॅन्सफिल्डपुढे ‘जूनो’ नावाच्या जहाजाचा खटला आला. लिव्हरपूलहून निघताना जहाजावर पन्नास किंवा अधिक माणसं असतील, अशी वॉरंटी होती. निघाली शेहेचाळीस. थोड्याच अंतरावर बोमारिस बंदरात आणखी सहा घेतली आणि बावन्न झाली. जहाज गेलं ते पुढे, बऱ्याच काळाने, आणि त्याचा माणसांच्या संख्येशी काही संबंध नव्हता. तरीही निकाल विमेदाराच्या विरुद्ध गेला. वॉरंटी अक्षरशः पाळायची असते, तिचा नुकसानीशी संबंध असो वा नसो, हे तत्त्व तिथे पक्कं झालं. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्याच्या कलम ३५ मध्ये ते तसंच उतरलं आहे, की भंग झाल्या तारखेपासून विमा कंपनी मोकळी. इंग्लंडने २०१५ च्या कायद्याने ते बरंच सैल केलं. तिथे आता भंग चालू असेपर्यंत विमा थांबतो, आणि भंग दुरुस्त होण्याजोगा असेल तर दुरुस्तीनंतर पुन्हा चालू होतो. आपल्याकडे बांधकामाच्या पॉलिसीला सागरी कायदा थेट लागू नाही, पण कंपन्यांचे अंडररायटर वॉरंटी हा शब्द त्याच नजरेने वाचतात.

त्यात आपल्याकडे आणखी एक भिंत आहे, आणि माझ्या मते ती या विषयाचा गाभा आहे. विमा कायदा १९३८ चा. १९६८ च्या दुरुस्तीने त्यात ६४ व्हीबी हे कलम आलं. प्रीमियम हाती आल्याशिवाय, किंवा विहित रीतीने त्याची हमी वा ठेव मिळाल्याशिवाय, कोणत्याही विमा कंपनीने जोखीम घ्यायची नाही. उधारीवर विमा नाही. लंडनच्या बाजारात साठ दिवसांत पैसे द्या, नाही दिले तर ब्रोकरमार्फत पंधरा दिवसांची नोटीस, त्या मुदतीत दिले तर नोटीस आपोआप रद्द, असं कलम सर्रास वापरतात. ते वाचून आपल्याकडचे ठेकेदार विचारतात, आम्हालाच का नाही? कारण आपल्याकडे ती उधारी ठरते.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सीमा मल्होत्रा यांच्या प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं. २१ डिसेंबर १९९३ ला गाडीच्या विम्यासाठी चेक दिला. दहा दिवसांनी, ३१ डिसेंबरला, अपघातात मालक गेला. जानेवारीत बँकेने कळवलं की चेक वटला नाही. कुटुंबाने गाडीची भरपाई मागितली, न्यायालयाने नाकारली. पैसेच पोचले नाहीत, तर दुसऱ्या बाजूने आपलं वचन पाळण्याचं कारण उरत नाही. रस्त्यावरच्या तिऱ्हाइताच्या भरपाईचा न्याय वेगळा आहे, तिथे न्यायालयांनी विमा कंपन्यांना बांधून धरलं आहे. पण स्वतःच्या मालमत्तेसाठी हा नियम पोलादी आहे.

म्हणून, मॅडम म्हणाल्या, “पॉलिसी पुन्हा चालू करा अशी विनवणी करणारं पत्र दयेचं असून चालत नाही. समोरच्याला ‘हो’ म्हणण्यासाठी कायद्यातली वाट दाखवावी लागते.”

शुक्रवारी, १७ जानेवारीला, ठेकेदार कचेरीत आले. पन्नाशीचे, पायात साईटचे बूट, हातात चेकबुक. त्यांचं म्हणणं सोपं होतं. “मॅडम, आत्ता एनएफटी मारतो. सव्वा लाखाचा तर प्रश्न आहे.” (या शहरात सगळेच एनईएफटीला एनएफटी म्हणतात.) मॅडमनी त्यांना थांबवलं. इथेच बहुतेक लोक फसतात. पॉलिसी रद्द झाल्यावर पाठवलेले पैसे कंपनीच्या खात्यात पोचतात, पण पॉलिसीला लागत नाहीत. ते बेवारशासारखे तात्पुरत्या खात्यात पडून राहतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी परत येतात. तोवर माणूस बँकेचा मेसेज दाखवत फिरतो की आपला विमा चालू आहे. मेसेज म्हणजे संमती नव्हे. क्रम असा हवा: आधी पत्र, मग कंपनीची लेखी संमती, मग पैसे, आणि मग पावती आणि पॉलिसीला जोडलेलं दुरुस्तीपत्र, ज्याला धंद्यात एंडॉर्समेंट म्हणतात. त्यावर तारीख आणि वेळ छापलेली असते. विमा तिथून.

मग त्यांनी साईट डायरी मागितली. ठेकेदार जरा घुटमळले. ९ जानेवारीच्या पानावर सुपरवायझरने लिहिलं होतं की पूर्वेकडच्या स्लॅबखालचे दोन जॅक सरकले, सेंट्रिंगच्या प्लेटा खाली आल्या, ताजं काँक्रीट बसलं. कोणी जखमी नाही. खर्चाचा अंदाज बासष्ट हजार.

“हे कशाला सांगायचं?” ठेकेदार म्हणाले. “आपण क्लेम मागतच नाही ना.”

मॅडमनी टेबलावर पॉलिसी उघडली. प्रत्येक नुकसानीतले पहिले एक लाख रुपये ठेकेदाराने स्वतः सोसायचे, अशी त्यात अट होती. म्हणजे विमा धडधडीत चालू असता तरी या बासष्ट हजारांतला एक रुपया मिळणार नव्हता. “भाऊ, जे मिळणारच नाही ते लपवायचं, आणि त्यापायी वीस कोटींचा विमा खोट्या पायावर उभा करायचा?”

मग त्यांनी २०२१ चा एक निकाल सांगितला, आयुर्विमा महामंडळ विरुद्ध सुनीता. हप्ता चुकल्याने पॉलिसी बंद पडलेली. ६ मार्च २०१२ ला पतीला अपघात झाला. ९ मार्चला थकलेला हप्ता भरला गेला, पण अपघात झाल्याचं सांगितलं नाही. २१ मार्चला ते गेले. महामंडळाने मूळ विम्याचे पावणेचार लाख दिले, अपघाताचे तेवढेच जादा नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाची बाजू धरली. पुनरुज्जीवनाच्या वेळी घडून गेलेली गोष्ट झाकली, तर पुनरुज्जीवन त्या गोष्टीला लागू होत नाही. आयुर्विमा असो की बांधकामाचा, बंद पडलेली पॉलिसी उठवताना मधल्या काळाचा हिशोब खरा द्यावाच लागतो.

सोमवारी, २० जानेवारीला, पत्र गेलं. ते इंग्रजीत आहे, त्याचा सांगाडा मराठीत सांगतो. पहिल्याच परिच्छेदात कबुली: हप्ता चुकला, वॉरंटीचा भंग झाला, रद्द करण्याचा आपला अधिकार आम्ही नाकारत नाही. कारण सांगितलं ते दोन ओळींत, मालक कंपनीने अडवलेल्या बिलाचा क्रमांक आणि तारीख देऊन. पोराबाळांचा, मजुरांच्या चुलीचा उल्लेख नाही. मग ९ जानेवारीची घटना, फोटोंसह, आणि ‘या घटनेचा कोणताही दावा करणार नाही’ असं ठेकेदाराच्या सहीचं निवेदन.

पुढे एक हिशोब आहे, आणि मला तो पत्राचा सर्वांत बुद्धिमान भाग वाटतो. पॉलिसीचे एकूण दिवस ५४९. सहा लाखांना त्याने भागलं की दिवसाचे जवळपास १,०९३ रुपये पडतात. जानेवारी उजाडेपर्यंत ठेकेदाराने भरले होते २,५८,०००. तेवढ्यात २३६ दिवस निघतात. म्हणजे दिवसाच्या हिशोबाने कंपनीकडे २१ फेब्रुवारीपर्यंतचे पैसे जमा होते. हप्ता थकला हे खरं, पण कंपनी एक दिवसही उधारीवर जोखीम वाहत नव्हती.

मी विचारलं, मग १ जानेवारीपासूनच विमा चालू धरा, असं का मागितलं नाही? पैसे तर होतेच. मॅडमनी मान हलवली. त्यांनाही तो मोह झाला होता. मधे काही घडलं नसतं तर त्यांनी नक्की मागितलं असतं, नुकसान न झाल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून. पण ९ जानेवारी डायरीत होती. झालेल्या नुकसानीच्या मागे जाऊन विमा मागणं म्हणजे पत्र पहिल्याच टेबलावर पडून राहणं. आणि दिवसांच्या या हिशोबाला अंडररायटरकडे एक सरळ उत्तर असतं. बांधकामाची जोखीम दिवसांवर सारखी पसरलेली नसते. सुरुवातीला साईटवर खड्डा आणि सळई असते, शेवटी वीस कोटींची इमारत आणि आत बसवलेली यंत्रं. दिवसाला १,०९३ रुपये हे गणित पहिल्या महिन्यांत कंपनीच्या फायद्याचं आणि शेवटच्या महिन्यांत तोट्याचं असतं. म्हणूनच हप्ते पुढे ओढून घेतात आणि शेवटचा मुदतीच्या सहा महिने आधी मागतात. नाहीतर धोका सर्वांत मोठा असताना कंपनीच्या हाती येणं बाकी राहील.

म्हणून मॅडमनी हिशोब दाखवला, पण त्याच्यावर हक्क सांगितला नाही. मागणी केली ती पैसे पोचल्यानंतरच्या दिवसापासून. मधल्या दिवसांचा प्रीमियमही परत मागितला नाही. पुढे ते दिवस चोवीस निघाले, म्हणजे सुमारे सव्वीस हजार रुपये त्यांनी आधीच तराजूत टाकून ठेवले होते.

आता वेळापत्रक. बाकी होते ३,४२,०००. जुन्या क्रमाने जानेवारी, एप्रिल आणि जुलैला १,१४,००० चे तीन हप्ते. ठेकेदाराला हवी होती सवलत, म्हणजे मार्चपर्यंत उसंत. मॅडमनी उलटं केलं. संमती मिळताच थकलेला हप्ता पूर्ण, करासह १,३४,५२० रुपये. उरलेल्या २,२८,००० चे चार समान भाग, प्रत्येकी ५७,०००, करासह ६७,२६०, दर महिन्याच्या २० तारखेला, फेब्रुवारी ते मे. जुना शेवटचा हप्ता १ जुलैचा होता, नवा २० मेचा. अडचणीत असलेला माणूस आधीपेक्षा लवकर पैसे संपवायला तयार आहे, हे अंडररायटरने कागदावर पाहिलं.

ठेकेदार आधी चिडले. पण तीन महिन्यांनी एकदम सव्वा लाख काढणं त्यांना जड जात होतं, दर महिन्याला सदुसष्ट हजार नव्हते. त्यांची रनिंग बिलं महिन्याला निघतात, साधारण दहा ते पंधरा तारखेच्या आत जमा होतात. २० तारीख तिथून आली. हप्त्याची तारीख माणसाच्या सोयीने नाही, त्याच्या खात्यात पैसा कधी येतो ते पाहून ठरवायची असते. पहिली पॉलिसी काढताना हे कोणीच पाहिलं नव्हतं, आणि त्या ‘कोणीच’मध्ये मॅडमनी स्वतःलाही धरलं.

वेळापत्रकाबरोबर दोन मागण्या होत्या. रद्दीची कोणतीही सूचना ब्रोकरलाही त्याच दिवशी मिळावी. आणि पुढे हप्ता चुकला तर रद्द करण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस मिळावी. दुसरी मागणी ६४ व्हीबीला अडते का? इथे तो हिशोब पुन्हा कामाला आला. जानेवारीचा हप्ता जमा झाला की एकूण ३,७२,००० होतात, त्यात ३४० दिवस निघतात, म्हणजे जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पुढचा प्रत्येक हप्ता ती तारीख आणखी लांब नेणार. नोटिशीचे पंधरा दिवस हे उधारीचे नसून आधीच भरलेल्या पैशांतले दिवस आहेत. लंडनमधलं कलम आपल्याकडे आणायचं तर हीच वाट आहे, पैसा काळाच्या पुढे धावला पाहिजे.

बुधवारी, २२ तारखेला, कंपनीने इंजिनिअर पाठवला. त्याने जॅक सरकलेली जागा पाहिली, काँक्रीटचे फोटो काढले, साईट डायरीची पानं मोबाईलमध्ये घेतली. शुक्रवारी सकाळी संमती आली. सगळं मिळालं नाही. नोटीस पंधराऐवजी सात दिवसांची. १ ते २४ जानेवारी या काळात घडलेलं काहीही विम्याबाहेर, आणि त्या काळातल्या कामातल्या दोषामुळे पुढे काही घडलं तर तेही बाहेर. दुपारी पैसे गेले, संध्याकाळी पावती आली, आणि एंडॉर्समेंटवर वेळ पडली: २५ जानेवारी २०२५, ००.०० वाजता.

‘दोषामुळे पुढे काही घडलं तर’ ही ओळ ठेकेदाराने दोनदा वाचली. मॅडमनी त्यावर वाद घातला नाही. कंपनीची ती भीती खरी होती. उघड्या चोवीस दिवसांत ओतलेल्या काँक्रीटमध्ये काय दडलंय, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ठेकेदाराला सांगितलं की त्या काळात ओतलेला प्रत्येक भाग नकाशावर रंगवून ठेवा आणि पूर्वेकडच्या स्लॅबचा तुकडा तोडून पुन्हा करा. काही कोसळलं तर तो भाग कोणत्या तारखेचा, हे सिद्ध करण्याची वेळ येईल, आणि तेव्हा आठवण पुरणार नाही.

फाईलमध्ये पुढच्या चारही पावत्या आहेत, २० फेब्रुवारी ते २० मे. प्रत्येकीवर बँकेचा व्यवहार क्रमांक मॅडमच्या अक्षरात लिहिलेला. सगळ्यांत शेवटी घडी घातलेला साईटचा नकाशा आहे. त्यावर सात कॉलम आणि एक स्लॅब पिवळ्या पेन्सिलीने भरलेले आहेत. कोपऱ्यात सुपरवायझरची सही, आणि खाली लिहिलंय, १ ते २४ जाने.